दोन संवादांच्या मधल्या फटीत

‘सिंटेल’ हा १४ मिनिटं ४८ सेकंदांचा ॲनिमेशनपट २०१० साली ॲम्स्टरडॅमच्या ब्लेंडर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाला. दिग्दर्शक कॉलिन लेव्ही, संगीत यान मॉर्गनस्टर्न यांचं. कथा साधी वाटते. एका अनाथासारख्या मुलीला ड्रॅगनचं एक जखमी पिल्लू सापडतं, ती त्याला वाढवते, एक मोठा ड्रॅगन ते पळवून नेतो आणि ती त्याच्या शोधात निघते. या सगळ्यात माणसं बोलतात ती वाक्यं जेमतेम पंचवीस. सबटायटलच्या वेळा जोडून पाहिल्या, तर बोलणं सव्वा मिनिटाच्या आसपास भरतं. उरलेला चित्रपट चित्रावर, संगीतावर आणि आवाजांवर चालतो.

आता हाच चित्रपट न दिसणाऱ्या किंवा फार अंधुक दिसणाऱ्या प्रेक्षकासमोर लावा. त्याला शस्त्रांचा खणखणाट ऐकू येतो, धापा ऐकू येतात, पंखांची फडफड ऐकू येते. कोण कुणाशी लढतंय, पंख कुणाचे, ती अचानक का किंचाळली, यातलं काहीच कळत नाही. यावर उपाय म्हणजे ऑडिओ डिस्क्रिप्शन. संवादांच्या मधल्या रिकाम्या जागांत एक निवेदक थोडक्या शब्दांत पडद्यावरचं सांगतो. हे निवेदन आधी लिहिलं जातं, सेकंदाच्या हिशेबानं बसवलं जातं, मग ध्वनिमुद्रित करून मूळ आवाजात मिसळलं जातं.

ही कला रंगभूमीवरून आली. १९८१ साली वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात मार्गारेट आणि कोडी फॅन्स्टील या दांपत्यानं नाटकांचं असं वर्णन सुरू केलं. मार्गारेट यांची स्वतःची दृष्टी अधू होती. १९९० मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या केंद्रानं ते अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर नियमितपणे आणलं, आणि २००० साली ब्रिटनमध्ये त्याची तपशीलवार मार्गदर्शक तत्त्वं निघाली. तेव्हापासून काही संकेत जगभर पाळले जातात. वर्णन वर्तमानकाळात करायचं. ‘आता आपल्याला दिसतं’ असं म्हणायचं नाही. संवादावर बोलायचं नाही. जे ऐकून कळतं ते पुन्हा सांगायचं नाही. आणि पात्राच्या मनात काय चाललंय ते आपण ठरवायचं नाही, त्याचं वागणं सांगायचं.

नियम तर एका परिच्छेदात मावले. काम मात्र किती चिवट आहे, ते एखादा चित्रपट हातात घेतल्याशिवाय कळत नाही. सरावाला ‘सिंटेल’ सोयीचा आहे, कारण तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. निर्मात्यांचं श्रेय दिलं की कुणीही त्याला आपला निवेदनाचा ट्रॅक जोडू शकतो आणि लोकांना देऊ शकतो. पुढे त्याची अख्खी गोष्ट शेवटासकट येणार आहे, कारण वर्णन लिहिणाऱ्याची खरी परीक्षा त्या शेवटातच आहे.

आधी फटींचा नकाशा

वर्णन लिहिणारा चित्रपट एकदा पूर्ण पाहतो आणि मग लिहायला न बसता आधी मोजायला बसतो. प्रत्येक संवाद कधी सुरू होतो, कधी संपतो आणि मध्ये किती जागा उरते, याची यादी करतो. ‘सिंटेल’ची यादी मजेशीर निघते. सुरुवातीला पावणेदोन मिनिटं कुणी बोलतच नाही. बर्फाळ डोंगरातून ती एकटी चालली आहे आणि तिच्यावर हल्ला होतो. मग एका झोपडीत ती आणि एक म्हातारा बोलू लागतात, तेव्हा पुढच्या पन्नासेक सेकंदांत बारा वाक्यं एकामागोमाग येतात. त्यांच्यामधल्या बहुतेक जागा सेकंद-दोन सेकंदांच्या आहेत. काही तर अर्ध्या सेकंदाहून कमी.

या झोपडीतली सर्वांत मोठी फट पावणेचार सेकंदांची. म्हातारा विचारतो, फार जवळच्या कुणाला शोधतेस का? ती सांगते, ड्रॅगनला. हे उत्तर २ मिनिटं २५ सेकंदांवर संपतं आणि म्हाताऱ्याचं पुढचं वाक्य २ मिनिटं २८.८५ सेकंदांवर सुरू होतं. पण हे पावणेचार सेकंद सगळे वापरता येत नाहीत. संवादाच्या शेपटीला निवेदन चिकटलं, तर कानाला दोन्ही गोष्टी एकाच माणसानं बोलल्यासारख्या वाटतात. म्हणून आधी अर्धा आणि नंतर अर्धा सेकंद मोकळा ठेवायचा. हातात उरतात तीन सेकंदांपेक्षा थोडे कमी.

तीन सेकंदांत मराठीत किती बोलता येतं? इंग्रजीत मिनिटाला १६० शब्द हा निवेदनाचा ओळखीचा वेग आहे. मराठीला तो लावला तर फसगत होते, कारण आपल्याकडे विभक्ती आणि अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘झोपडीबाहेरच्या’ हा एकच शब्द, पण बोलायला सेकंदाहून जास्त वेळ घेतो. म्हणून मराठीत शब्द मोजू नयेत, अक्षरं मोजावीत. सेकंदाला पाच अक्षरं हा निवांत आणि स्पष्ट वेग. म्हणजे या फटीत चौदा अक्षरं. ‘म्हातारा तिच्याकडे रोखून पाहतो’ एवढं वाक्य जेमतेम बसतं.

बसतं म्हणून घालावं का? इथे अनुभवी लेखक बहुधा काहीच घालणार नाही. ‘ड्रॅगनला’ हे उत्तर ऐकून म्हातारा लगेच बोलत नाही, यातच त्याची प्रतिक्रिया आहे आणि ती ऐकणाऱ्यालाही ऐकू येते. तिथे आपण बोललो, तर ती शांतता गेली. फट रिकामी सोडण्याचा निर्णय हादेखील वर्णनाचाच भाग आहे आणि नवशिक्याला तो सर्वांत अवघड जातो.

मग झोपडी कधी सांगायची? संवाद सुरू होण्याआधी. पहिलं वाक्य १ मिनिट ४७ सेकंदांवर येतं आणि ते एका पात्याबद्दल आहे. त्यामुळे लढाई संपल्यापासून त्या वाक्यापर्यंतच्या जागेत तीन गोष्टी पोचल्या पाहिजेत. जागा बदलली, समोर एक म्हातारा आहे आणि ज्याच्याबद्दल तो बोलणार आहे ते शस्त्र कुठलं. एकदा संवाद सुरू झाले की हे सांगायला जागाच नाही. पुढची फट अपुरी आहे हे माहीत असल्यानं मजकूर आधीच्या फटीत सरकवायचा, हे वर्णन लिहिणाऱ्याचं रोजचं काम. मात्र त्याला मर्यादा आहे. एखादी गोष्ट घडण्याआधीच सांगून टाकली, तर दचकण्याची किंवा हसण्याची जागा निघून जाते. बसलेली जागा आधी सांगता येते, येणारा धक्का आधी सांगता येत नाही.

एक्कावन्न सेकंद आणि एक जखम

मी आठवतं तेव्हापासून एकटीच आहे, अशा अर्थाचं वाक्य ती बोलते आणि २ मिनिटं ३६ सेकंदांच्या आसपास चित्रपट तिच्या आठवणीत शिरतो. पुढचं वाक्य थेट ३ मिनिटं २७ सेकंदांवर. एक्कावन्न सेकंद मोकळे. आमच्या हिशेबानं अडीचशे अक्षरं. झोपडीत उपाशी राहिलेला लेखक इथे तुटून पडतो आणि तिथेच चुकतो. या जागेत संगीत आहे, आणि ते तिचं एकटेपण नुसतं सुरांतून सांगतंय. अर्धा वेळ तरी त्याला द्यावा. नमुन्यादाखल आराखडा असा करता येईल. वेळा ढोबळ आहेत.

२:३८ – एक शहर. ती गल्ल्यांतून एकटीच फिरते.

२:५० – समोर ड्रॅगनचं पिल्लू. मांजराएवढं.

२:५८ – एका पंखावर जखम.

३:०८ – ती त्याला उचलून घेते.

३:२१ – तिचं घर. ती जखमी पंखावर उपचार करते.

सगळी मिळून सत्तरेक अक्षरं. उरलेल्या जागेत संगीत वाजू दे. लगेच पुढे ती पिल्लाला ‘झालंच हं’ आणि ‘हलू नकोस’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणते. उपचार चालू आहेत हे आधी कळलेलं असल्यानं ही वाक्यं ऐकणाऱ्याला जागच्या जागी लागतात. ते कळलं नसतं, तर ती कुणाला आणि कशासाठी गप्प करतेय हा प्रश्न पुढच्या वीस सेकंदांवर सावट धरून बसला असता.

या पाच ओळींत जखम दोनदा आली आहे. पहिली ओळ ‘एका पंखावर जखम’ एवढीच, स्वतंत्र आणि तोकडी. दुसऱ्यांदा ती उपचारांच्या वाक्यात सहज येते. एवढा भार देण्याचं कारण सात मिनिटांनंतर कळतं. चित्रपटाच्या शेवटी त्या मुलीला एक गोष्ट ओळखू येते ती पंखावरच्या व्रणावरून. डोळ्यांना पाहिलेलं बराच वेळ आठवतं. कानांनी एकदाच ऐकलेला तपशील सात मिनिटांत विरून जातो. म्हणून तो दोनदा पेरायचा, पण दोन्ही वेळा कामाच्या ओघात. ‘पंखावर खोल, लांबलचक, कायमची खूण ठेवणारी जखम’ असं लिहिलं, तर हुशार श्रोता लगेच कान टवकारतो, हे पुढे कुठेतरी येणार! डोळस प्रेक्षकाला ज्या सहजपणे जखम दिसते, त्याच सहजपणे ती ऐकू यायला हवी.

काय सांगायचं नाही

या आठवणीतला खरा सापळा वेगळाच आहे. आठवण सुरू होताना निवेदकाच्या तोंडी सहज येईल असं वाक्य म्हणजे ‘काही वर्षांपूर्वी’. ते लिहिलं की चित्रपटाचा शेवट गेला. कारण या गोष्टीत किती काळ लोटला आहे, हेच दिग्दर्शकानं लपवून ठेवलं आहे. पिल्लू हरवलं ते जणू गेल्या मोसमात, असं प्रेक्षकाला वाटत राहतं, कारण त्या मुलीलाही तसंच वाटतंय. ‘तरुण’, ‘वयानं लहान’, ‘तेव्हाची ती’ हे शब्दही त्याच कारणानं वर्ज्य. ‘एक शहर’ एवढं म्हटलं की जागा बदलली हे कळतं, आणि ती आपल्या एकटेपणाबद्दल बोलून थांबलेली असल्यानं ही तिची आठवण आहे हेही कळतं. काळ किती, ते कळत नाही आणि कळायला नकोच आहे.

नावाचंही तसंच. चित्रपटाचं नाव ‘सिंटेल’ आणि ते त्या मुलीचं नाव. पण संवादात ते नाव पहिल्यांदा येतं ७ मिनिटं ३८ सेकंदांवर, म्हाताऱ्याच्या तोंडून. तोवर निवेदकानं तिला काय म्हणावं? पात्राची ओळख चित्रपट करून देईल तेव्हाच निवेदकानं नाव वापरावं, असा संकेत आहे. त्यानुसार साडेसात मिनिटं ‘ती’. दुसरी बाजू अशी की बोलणाऱ्या पात्रांत बाई एकच, नाव लपवण्यात काही रहस्य नाही आणि सुरुवातीच्या लढाईत ‘ती’पेक्षा नाव पटकन कळतं. दोन्ही निर्णय चालतील. मात्र एक धरला की शेवटपर्यंत तोच धरायचा.

पिल्लाच्या नावात अशी मोकळीक नाही. मुलगी त्याला ‘स्केल्स’ म्हणते, तेव्हापासून निवेदकही ‘स्केल्स’ म्हणू शकतो. मग एक मोठा ड्रॅगन झेप घालून स्केल्सला उचलून नेतो आणि ५ मिनिटं ४० सेकंदांच्या सुमारास ती किंचाळते. पुढची शंभरेक सेकंदं एकही शब्द नाही. वाळवंट, बर्फ, एकामागून एक प्रदेश ती पायी तुडवते. इथे प्रत्येक प्रदेशाला एकेक छोटं वाक्य पुरतं आणि तो प्रवास लांबचा आहे एवढंच जाणवायला हवं. त्यानंतर आपण झोपडीत परततो, म्हातारा तिला सांगतो की तू आहेस तीच ड्रॅगनांची भूमी, आणि ती एका गुहेत शिरते. ९ मिनिटं १८ सेकंदांवर ती हाक मारते, ‘स्केल्स!’ समोर एक पिल्लू आहे.

निवेदकानं काय म्हणावं? तिनं नाव घेतलंच आहे, तर ‘गुहेत स्केल्स’ असं म्हणणं सोपं. पण ते खोटं आहे. हे पिल्लू स्केल्स नाही, हे शेवटी कळतं. ‘एक दुसरं पिल्लू’ म्हणावं, तर ते खरं आहे, पण रहस्य फुटलं. बरोबर उत्तर मधलं आहे. ‘गुहेत ड्रॅगनचं पिल्लू.’ पडद्यावर नेमकं तेवढंच दिसतंय. ते स्केल्स आहे हा समज तिचा, आणि ती हाक ऐकून श्रोत्याचाही तोच समज होतो. निवेदक खोटं बोलला नाही आणि गोष्टही फुटली नाही. वर्णन करणाऱ्यानं पात्राच्या मनातलं सांगू नये, हा नियम पुस्तकी वाटतो. त्याची खरी किंमत अशा ठिकाणी कळते.

ॲनिमेशनची वेगळी अडचण

माणसांच्या चित्रपटात लेखकाला एक आधार असतो. चाल, श्वास, कपड्यांची सळसळ, रस्त्यावरचा गोंगाट, हे सगळं श्रोत्याच्या ओळखीचं असतं. ॲनिमेशनमध्ये एकही आवाज आपोआप आलेला नसतो. प्रत्येक आवाज कुणीतरी स्टुडिओत तयार करून तिथे ठेवलेला असतो, आणि तो आवाज करणारा प्राणी जगात नसूही शकतो. ड्रॅगनचे पंख आणि वाऱ्यानं फडफडणारं कापड कानाला सारखेच वाटू शकतात. म्हणून नव्या प्राण्याचा आवाज पहिल्यांदा येतो, तेव्हा तो कुणाचा हे एकदा जोडून द्यावं लागतं. नंतर तो आवाजच ओळख बनतो आणि पुन्हा सांगण्याची गरज उरत नाही.

काल्पनिक प्राणी सांगताना आणखी एक प्रश्न. जन्मतः न दिसणाऱ्या श्रोत्याला ‘ड्रॅगन’ म्हणून काय कळणार? तिथे रंगांपेक्षा आकार, पोत आणि हालचाल उपयोगी पडते. मांजराएवढं, खवल्यांच्या कातडीचं, पंखांचं. पण रंग सरसकट टाळायचेही नाहीत. अनेक श्रोत्यांची दृष्टी नंतर गेलेली असते, त्यांना रंग आठवतात, आणि ज्यांना थोडं दिसतं त्यांना ‘लाल फडकं’ म्हटल्यावर पडद्यावरचा तो ठिपका शोधता येतो.

ॲनिमेशनमधल्या मारामारीतही मोह आवरावा लागतो. चित्रकार सेकंदात तीन-चार वार बसवू शकतो. निवेदकाला एका सेकंदात पाच अक्षरं. प्रत्येक वार सांगायला गेलात, तर आवाज चित्राच्या मागे पडत जातो आणि श्रोता ऐकतो ते दोन वारांपूर्वीचं. म्हणून वार सांगायचे नाहीत, पालटलेली परिस्थिती सांगायची. कोण वर आलं, कोण कोपऱ्यात सापडलं, शस्त्र कुणाच्या हातात आहे.

गुहेतल्या लढाईत मराठी व्याकरण लेखकाच्या मदतीला येतं. लढणारी ती, ड्रॅगन तो आणि पिल्लू ते. आपलं क्रियापदच लिंग सांगतं, त्यामुळे कर्ता गाळला तरी चालतो. ‘झेपावतो. बाजूला होते. पिल्लू मागे सरतं. पंजाखाली दाबतो.’ इंग्रजी निवेदकाला इथे दर वाक्यात कर्ता घालावा लागतो. आपली तीन-चार अक्षरं दर वाक्याला वाचतात आणि साठ सेकंदांच्या लढाईत ही बचत मोठी आहे.

गुहेतला तो एक क्षण

लढाईच्या शेवटी मोठा ड्रॅगन तिला गाठतो. आता ती संपली असं वाटत असताना तो थांबतो. त्याच क्षणी ती वार करते. घाईत लिहिलेल्या वर्णनात हे ‘थांबणं’ हमखास सुटतं, कारण थांबणं ही कृती वाटत नाही. लेखक ‘ती पातं खुपसते’ एवढं लिहून मोकळा होतो. पण सगळी गोष्ट त्या थांबण्यावर उभी आहे. ड्रॅगननं तिला ओळखलं आहे. हे आपण सांगायचं नाही, पण ‘तो थांबतो’ ही चार अक्षरं आली नाहीत, तर पुढचा उलगडा श्रोत्याच्या हाती लागणारच नाही.

मग तो उलगडा. १० मिनिटं २१ सेकंदांवर ती ‘स्केल्स?’ असं विचारते, आणि सव्वादोन सेकंदांच्या विरामानंतर पुन्हा ‘स्केल्स…’ म्हणते. पहिल्यांदा प्रश्न, दुसऱ्यांदा उत्तर. डोळस प्रेक्षकाला दोन गोष्टी दिसतात. मेलेल्या ड्रॅगनच्या पंखावरचा व्रण, आणि रक्तात उमटलेलं तिचं स्वतःचं प्रतिबिंब, वय झालेलं. शोधात वर्षं गेली. पिल्लू मोठं झालं, त्याला स्वतःचं पिल्लू झालं, आणि जिच्यासाठी ती निघाली होती त्या जिवालाच तिनं मारलं.

इथे तीन प्रकारचं वर्णन होऊ शकतं. पहिलं, ‘तिला कळतं की हा स्केल्सच होता.’ सगळं समजलं, पण श्रोत्याला काहीच शोधावं लागलं नाही, निवेदकानं ते हातावर ठेवलं. दुसरं, ‘ती ड्रॅगनकडे पाहते.’ नियमात बसतं, पण श्रोता अंधारातच राहतो. तिसरं, तिच्या पहिल्या ‘स्केल्स?’च्या अगदी आधी, ‘ड्रॅगनच्या पंखावर जुना व्रण.’ बारा-तेरा अक्षरं, अडीच सेकंद. ‘पंख’ हाच शब्द पुन्हा, साडेसात मिनिटांपूर्वी वापरला होता तो. आणि ‘जुना’ हा एकच शब्द काळाकडे बोट दाखवतो. लगेच तिच्या तोंडून नाव येतं आणि श्रोत्याच्या डोक्यात दोन टोकं जुळतात.

दोन हाकांमधली सव्वादोन सेकंदं तांत्रिकदृष्ट्या वापरता येतील. वापरू नयेत. तिचा प्रश्न उत्तरात बदलतो तो त्याच जागेत. प्रतिबिंब नंतरच्या मोकळ्या वेळात येऊ द्यावं. ‘रक्तात तिचं प्रतिबिंब. चेहरा आता वयस्क.’ इथे मात्र वयाबद्दल स्पष्ट बोलायचं, कारण चित्रपटही आता ते लपवत नाही.

आवाज बसवणं आणि तपासणं

लिहून झालेलं निवेदन वाचणारा आवाज पात्रांच्या आवाजांत मिसळणारा नसावा. ‘सिंटेल’मध्ये एक स्त्रीचा आणि एक वृद्ध पुरुषाचा आवाज आहे. निवेदक या दोघांहून वेगळा ऐकू यायला हवा. वाचन सपाट नको, पण नाटकीही नको. मारामारीत किंचित वेग चढतो, आठवणीत उतरतो, इतकंच. मिसळताना निवेदनाखाली संगीत थोडं दबवतात आणि निवेदन संपताच हळूच वर आणतात. ते झटक्यानं वर-खाली झालं, तर श्रोत्याचं लक्ष गोष्टीवरून उडून यंत्रावर जातं.

मूळ संवाद परक्या भाषेत असतील, तर मराठी श्रोत्यासाठी काम दुप्पट होतं. संवादांचं डबिंग तरी हवं किंवा कुणीतरी भाषांतर वाचून तरी दाखवायला हवं. मराठी वाक्य मूळ इंग्रजीपेक्षा लांबलं, तर शेजारची फट तेवढी आक्रसते. म्हणून फटींचा नकाशा मराठी संवाद बसल्यावर करायचा. मूळ चित्रपटाच्या वेळांवर लिहिलेलं निवेदन डबिंगवर चढवलं, की दोन आवाज हमखास एकमेकांवर आपटतात. मजकूर अगदीच मावत नसेल, तर संगणकावर पाहायच्या फितीत एक पर्याय असतो. चित्र क्षणभर थांबवून वर्णन पूर्ण करायचं आणि मग पुढे जायचं. शिकवणीच्या चित्रफितींत हे चालतं. गोष्टीच्या चित्रपटात मात्र त्यानं लय तुटते.

तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी लेखक स्वतः पडदा बंद करून पूर्ण ट्रॅक ऐकतो. मग तो ट्रॅक न दिसणाऱ्या परीक्षकाकडे जातो आणि हा टप्पा टाळला तर बाकीची मेहनत अर्धी वाया जाते. लेखकानं चित्र पाहिलेलं असतं, त्यामुळे वर्णनातली भोकं त्याच्या डोक्यात आपोआप भरली जातात. परीक्षकाला ‘समजलं का?’ असं विचारून भागत नाही, माणसं भिडेखातर हो म्हणतात. नेमके प्रश्न हवेत. पिल्लू सापडलं तेव्हा त्याला काय झालं होतं? गुहेतलं पिल्लू कोण आहे असं तुम्हाला वाटलं, आणि ते मत कधी बदललं? ड्रॅगननं तिला आधी का नाही मारलं? पहिल्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर जखम नीट पेरली गेली नाही. दुसऱ्याचं उत्तर ‘मला आधीच माहीत होतं’ असं आलं, तर कुठेतरी जास्त बोललं गेलं. तिसऱ्यावर परीक्षक गप्प राहिला, तर ‘थांबतो’ एखाद्या डरकाळीखाली गाडला गेला आहे. तो शोधून पाव सेकंद पुढे-मागे करायचा.

भारतात या कामाला आता कायद्याचा आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दृक्‌श्राव्य माध्यमं सर्वांना वापरता यावीत अशी तरतूद आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ‘पठाण’च्या निर्मात्यांना ओटीटी प्रदर्शनासाठी हिंदी ऑडिओ डिस्क्रिप्शन तयार करायला सांगितलं. १५ मार्च २०२४ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयानं चित्रपटगृहांत दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांसाठी सुलभतेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. थिएटरात असं निवेदन इअरफोनवर, मोबाइल ॲपमधूनही देता येतं, म्हणजे शेजारच्याला त्रास होत नाही.

पण कायदा ट्रॅक आहे की नाही एवढंच विचारू शकतो. गुहेच्या दारात निवेदकानं ‘स्केल्स’ म्हटलं की ‘पिल्लू’, हे तपासणारं कुठलंही प्रमाणपत्र नाही. ते त्या परीक्षकालाच कळतं. म्हणून निर्मात्यानं ट्रॅक विकत घेताना एकच प्रश्न विचारावा. हे ऐकून तपासणारी न दिसणारी व्यक्ती कोण होती, आणि तिच्या सांगण्यावरून कुठल्या ओळी बदलल्या? उत्तरादाखल बदललेल्या ओळींची यादी समोर आली, तर काम झालेलं आहे. ‘सगळ्यांना आवडलं’ एवढंच उत्तर आलं, तर ट्रॅक परत पाठवावा.